८६ बाय ५४

शाळेच्या ओळखपत्रावर सगळ्यांत मोठ्या अक्षरांत काय छापलेलं असतं, ते कधी नीट बघा. मुलाचं नाव नसतं. वर संस्थेचं नाव असतं, त्याखाली शाळेचं, त्याखाली कंसात शाळा किती टक्के अनुदानित आहे ते, मग यूडायस क्रमांक, मग ठसठशीत पट्टीत 'ओळखपत्र' हा शब्द (हातात ओळखपत्र धरलेल्या माणसाला ते बसचं तिकीट वाटू नये म्हणून), आणि एवढ्यातून जी जागा उरेल तिथे, ज्याची ओळख पटवायची तो विद्यार्थी. त्याचं नाव असतं औषधाच्या पाकिटावर 'थंड व कोरड्या जागी ठेवावे' हे छापतात, त्या मापाचं.

आमच्या शाळेत यंदा ओळखपत्र समिती नेमली गेली. मागच्या वर्षीच्या कार्डांवर बऱ्याच मुलांच्या आडनावाचं शेवटचं अक्षर कटरखाली गेलं होतं आणि पालकसभेत एका आजोबांनी उभं राहून "आमचं घराणं अर्ध्यावर का तोडलं?" असं विचारलं होतं. समितीत मी, कारण मराठी शिकवतो, म्हणजे शुद्धलेखनाला जबाबदार धरायला कोणीतरी हवं. गणिताच्या मॅडम, कारण त्यांच्याकडे मिलिमीटरच्या रेघा शाबूत असलेली पट्टी आहे. चित्रकलेचे सर, कारण रंग. आणि अध्यक्ष म्हणून संस्थेचे सचिव, म्हणजे अण्णा, कारण अध्यक्ष.

टेबलावर तीन नमुने मांडले होते. ते आणणाऱ्या छपाईवाल्या दादांनी प्रत्येकाला नाव दिलं होतं : 'क्लासिक', 'प्रोफेशनल' आणि 'व्हीआयपी'. दर तिन्हींचा सारखाच होता, त्यामुळे अण्णांचा कल उघडच व्हीआयपीकडे होता.

नमुन्यांकडे वळण्याआधी मॅडमनी कार्ड मोजलं. छपाईवाले ज्याला '८६ बाय ५४' म्हणतात, ते म्हणजे एटीएम कार्डाचं माप. आयएसओ ७८१० या आंतरराष्ट्रीय मानकात ते ८५.६० गुणिले ५३.९८ मिलिमीटर असं पक्कं ठरलेलं आहे, जाडीसुद्धा ०.७६ मिलिमीटर. कटरचा साचा, प्लास्टिकचं होल्डर, सगळं याच मापात तयार मिळतं, म्हणून शाळा कितीही थोर असली तरी तिला जागा तेवढीच. शेचाळीस चौरस सेंटिमीटरच्या जरा वर. मॅडम म्हणाल्या, "यातून चारी कडांनी चार-चार मिलिमीटर सोडायचे. राहिले ७८ बाय ४६. म्हणजे छत्तीस चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही."

"सोडायचे कशाला?" अण्णांनी विचारलं. "पैसे पूर्ण कार्डाचे देतोय ना आपण?"

या प्रश्नाचं उत्तर पुढे येईल. तोपर्यंत फोटो.

'क्लासिक' उभं होतं. वर निळी पट्टी, डाव्या गोलात संस्थापक, उजव्या गोलात बोधचिन्ह, मध्ये दोन मजली नाव. विद्यार्थ्याचा फोटो बरोबर मध्यभागी, पण २० बाय २५ मिलिमीटरचा. दोन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा होती आणि तिथे वेली काढल्या होत्या. 'प्रोफेशनल' आडवं. फोटो डावीकडे, उजवीकडे नाव, इयत्ता, जन्मतारीख, रक्तगट, पत्ता, मोबाईल अशा सहा ओळी, आणि प्रत्येक ओळीपुढे अपूर्णविराम. आडव्या कार्डात मजकूर छान बसतो हे खरं, पण त्या उजव्या भागाची निम्मी रुंदी 'विद्यार्थ्याचे नाव', 'जन्मतारीख', 'संपर्क क्रमांक' या पाट्यांनीच खाल्ली होती. दहा आकडी नंबर बघून तो संपर्क क्रमांक आहे हे न कळणारा माणूस फोन तरी कसा लावणार, हे मला कळलं नाही. 'व्हीआयपी'मध्ये फोटो गोल होता, मागे शाळेच्या इमारतीची फिकट छाया, त्यावर लाटा, लाटांवर मजकूर.

गोल फोटो दिसायला नामी. पण गोलात चेहरा बसवायचा म्हणजे चार कोपरे जाणार, आणि मुलींच्या दोन वेण्या, रिबिनी आणि काही मुलांचे कान हे सगळं मुक्कामाला कोपऱ्यांतच असतं. नमुन्यातल्या मुलीची एक वेणी शिल्लक होती. चित्रकलेच्या सरांनी ती कलात्मक मांडणी असल्याचं सांगून पाहिलं.

खरा घोटाळा फोटोच्या आकारात नसून प्रमाणात होतो. पासपोर्ट फोटो ३५ बाय ४५ चा असतो. मोबाईलवर काढलेला बहुधा तीनास चार, आणि पालकांनी उभा स्क्रीन भरून काढला असला तर नवास सोळा. छपाईवाल्याकडे सगळ्या मुलांची नावं एक्सेलच्या तक्त्यात असतात आणि फोटो एका फोल्डरमध्ये. संगणक एकेक नाव, एकेक फोटो उचलून चौकटीत टाकत जातो. फोटो चौकटीपेक्षा लांबट निघाला तर त्याचं काय करायचं, कापायचं की दाबायचं, हे सुरुवातीला एकदाच सांगायचं असतं. सांगितलं नाही तर तो दाबतो. नवास सोळाचा मुलगा चार-पाचाच्या चौकटीत दाबला की उंची तशीच राहून रुंदी जवळजवळ दीडपट होते. मागच्या वर्षी एका वर्गातली निम्मी मुलं अशी बाळसेदार झाली होती. एका आईने तर कार्ड बघून समाधानाने मान डोलावली होती, असं वर्गशिक्षक सांगतात. हे ओळखायची खूण सोपी आहे : शर्टाची बटणं बघायची. बटण लंबगोल दिसलं की फोटो ताणलाय.

आणि फोटो स्पष्ट यावा म्हणून भारी मोबाईल लागतो हाही गैरसमज. पंचवीस मिलिमीटर रुंदीचा फोटो तीनशे डीपीआयवर छापायला आडवे तीनशे ठिपकेसुद्धा लागत नाहीत. ते जुन्यात जुन्या मोबाईलमध्येही असतात. अडचण होते ती फोटो काढणारा लांब उभा राहतो त्याची. मुलगा, त्याचे बूट, मागची भिंत, भिंतीवरचा सुविचार, शेजारचा माठ, सगळं फोटोत येतं आणि कार्डावर चेहरा उरतो हरभऱ्याएवढा. चौकटीच्या उंचीचा तीन चतुर्थांश भाग हनुवटीपासून डोक्याच्या टोकापर्यंत भरला पाहिजे. शिवाय आमचा गणवेश पांढरा आणि फोटोवाल्याचा पडदाही पांढरा, त्यामुळे 'प्रोफेशनल'मधल्या मुलाचं डोकं कॉलरच्या एका बारीक रेघेवर अधांतरी तरंगत होतं. पडदा फिकट निळा किंवा राखाडी घेतला की खांदे परत मिळतात.

फोटो किती मोठा हवा यावर चर्चा चालू असताना मी दारात उभ्या असलेल्या शिपाईमामांना आत बोलावलं. कारण समितीतल्या चौघांपैकी एकानेही आयुष्यात कधी मुलाच्या गळ्यातलं कार्ड वाचलेलं नाही. ते रोज वाचतात ते मामा. उशिरा आलेला कोण, मधल्या सुट्टीत भिंतीवरून उडी मारणारा कोण, रिक्षा चुकलेली कोण.

मामांनी 'क्लासिक' हातात घेतलं, हात लांब केला, डोळे बारीक केले. "संस्थापक दिसले," ते म्हणाले. "पोरगं कुठाय?"

अण्णा खूश झाले. उत्तराच्या पहिल्या अर्ध्यावर.

मामांनी कार्ड धरलं ते पण बघण्यासारखं होतं. उजव्या हाताचा अंगठा खालच्या उजव्या कोपऱ्यावर, बाकीची बोटं मागे. कोणीही कार्ड असंच धरतो. म्हणजे खालचा उजवा कोपरा ही अंगठ्याची जागा, तिथे काही महत्त्वाचं छापून उपयोग नाही. 'प्रोफेशनल'मध्ये त्या जागी पालकांचा मोबाईल नंबर होता. 'क्लासिक'मध्ये मुख्याध्यापकांची सही होती, आणि ती जागा सहीला अगदी योग्य होती, असं मी मनात म्हटलं.

आता अक्षरं. छपाईत अक्षराचं माप पॉइंटमध्ये सांगतात. एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, सुमारे ०.३५ मिलिमीटर. तिन्ही नमुन्यांत पत्ता सहा पॉइंटचा होता. सहा पॉइंट म्हणजे सगळं मिळून दोन मिलिमीटरच्या जरा वर. इंग्रजी अक्षर त्यातली बरीच जागा आपल्याकडे ओढून घेतं. देवनागरीला मात्र वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार-ऋकार यांची बिऱ्हाडं ठेवावी लागतात. त्यामुळे शिरोरेघेपासून पायापर्यंतचं मूळ अक्षर साधारण सव्वा मिलिमीटरचंच उरतं. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे भिंतीवर जो तक्ता असतो, त्यात सहा मीटरवरून निरोगी डोळ्याला जेमतेम वाचता येणारं अक्षर पावणेनऊ मिलिमीटरचं असतं. मामा कार्ड धरतात साठ सेंटिमीटरवर, म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्श्यावर. त्या अंतरावर निरोगी डोळ्याची हद्द ०.९ मिलिमीटरला संपते. म्हणजे आमचं सहा पॉइंटचं अक्षर डॉक्टरांच्या तपासणीत काठावर पास. पण ते स्वच्छ उजेडात, कार्ड स्थिर असताना, आणि इंग्रजी ठोकळा अक्षरांच्या हिशेबात. इथे मामांचं वय पंचावन्न, चष्मा घरी, मुलगा पळतोय, आणि पावसात होल्डरच्या आत वाफ धरलेली.

बरं, देवनागरीत नुसतं अंधूक दिसून भागत नाही, अक्षर बदलतं. 'ध' आणि 'घ' यांच्यात फरक किती, तर डोक्यावरच्या रेघेत एक फट. 'भ' आणि 'म' यांच्यातही फट. सहा पॉइंटवर ती फट काही दशांश मिलिमीटरची उरते. त्यात गडद पट्टीवर पांढरी अक्षरं असली तर पट्टीची शाई कडेने किंचित पसरते आणि पांढऱ्यातला बारीक भाग गिळते. पांढऱ्या कार्डावर काळी अक्षरं असली तर उलट शाई पसरून फट बुजते. दोन्ही बाजूंनी मरण अक्षराचंच. मागच्या वर्षीच्या कार्डांत मला एक वैमव, दोन माग्यश्री आणि एक घनश्री सापडली. मुलं ती नावं वर्षभर हौसेने वापरत होती. 'ब'च्या पोटातली तिरकी रेघ पुसली की त्याचा 'व' होतो, ते वेगळंच.

यावर दादांचं म्हणणं असं की, "सर, टायपिंग बरोबर आहे. झूम करून बघा." त्यांच्या पडद्यावर कार्ड चारशे टक्के मोठं करून मांडलेलं असतं. तिथे सगळंच सुवाच्य दिसतं, कोपऱ्यातल्या दूरध्वनी क्रमांकासकट. पडद्यावर मंजुरी देणारी समिती एका फूटभर लांबीच्या ओळखपत्राला मंजुरी देत असते.

रक्तगट हा आणखी एक गमतीचा रकाना. 'प्रोफेशनल'मध्ये प्रत्येक ओळीखाली ठिपक्यांची रेघ होती. 'बी निगेटिव्ह' हे इंग्रजी 'बी' आणि पुढे उणेचं चिन्ह असं छापायचं होतं. ती उणेची रेघ आणि खालची ठिपक्यांची रेघ इतकी एकजीव झाली की मुलगा कुठल्याच बाजूचा राहिला नाही. अधिकचं चिन्ह निदान उभं राहून हात तरी वर करतं, उणे आडवं पडतं आणि हरवतं. हे अक्षरांतच लिहावं, पूर्ण. तसं कुठलीही रक्तपेढी शाळेच्या कार्डावर विसंबून रक्त देत नाही. गट पुन्हा तपासतात, क्रॉसमॅच करतात. त्यापेक्षा मुलाला फिट्स येतात का, कुठल्या औषधाचं वावडं आहे का, ही ओळ कामाची. पण तशी ओळ एकाही नमुन्यात नव्हती आणि पालकांच्या अर्जातही नव्हती. रक्तगट मात्र अर्जात सक्तीचा, आणि ठाऊक नसलेल्या पालकांनी एकमताने 'ओ पॉझिटिव्ह' भरलेला.

'व्हीआयपी'चं आणखी एक वैशिष्ट्य म्हणजे मजकुरामागची इमारत. इमारत फिकट छापली की मजकूर वाचता येतो, असं दादांचं मत होतं. पण फिकट इमारतीलाही खिडक्या असतात. प्रत्येक खिडकीवर एकेक अक्षर पडून निम्मं गडद, निम्मं फिकट दिसत होतं. आठवी 'ब' तिसऱ्या मजल्यावर होती.

आता त्या चार मिलिमीटरांकडे येऊ, ज्यांचा हिशेब अण्णांनी मागितला होता.

कार्डं एकेक करून छापत नाहीत. ए-फोर मापाच्या प्लास्टिक शीटवर दहा कार्डं एकदम छापतात, पुढची बाजू एका शीटवर, मागची दुसऱ्या शीटवर. मधे एक कोरी शीट घालून तिन्ही थर फ्यूजिंग मशीनमध्ये तापवून दाबतात. त्यांचं एक जाड पान होतं. मग त्यातून एकेक कार्ड हातकटरच्या साच्याखाली धरून दांडा ओढतात. खट्ट, की कार्ड बाहेर. कोपरेही त्याच खट्टमध्ये गोल होतात. आता तापवताना प्लास्टिक किंचित आक्रसतं, पुढच्या-मागच्या शीट केसभर सरकतात, आणि दांडा ओढणारा माणूस सकाळी बरोबर असतो आणि सातव्या शाळेच्या कार्डांपर्यंत त्याला घरी जायचं असतं. या सगळ्यांत मिळून छपाई एक-दीड मिलिमीटर इकडे-तिकडे जाते. दादांच्या कामात खोट काढण्याचा प्रश्न नाही, सगळीकडेच जाते. तेव्हा कडेपासून तीन-चार मिलिमीटरच्या आत एकही अक्षर नको, ही झाली सुरक्षित हद्द. आजोबांचं घराणं तुटलं ते कडेपासून एक मिलिमीटरवर बसवलं होतं म्हणून.

याची दुसरी बाजू म्हणजे रंग. पार्श्वभूमीचा रंग कार्डाच्या कडेशीच थांबवला आणि कटर थोडा बाहेर पडला, तर कडेला पांढरी फट दिसते. म्हणून रंग कापायच्या रेघेच्या बाहेर थोडा वाहू द्यायचा. याला ब्लीड म्हणतात. मोठ्या छापखान्यांचा रिवाज तीन मिलिमीटरचा. चित्रकलेच्या सरांनी तोच आग्रह धरला.

"बसत नाही सर," दादा म्हणाले. "दोनच मिलिमीटर देतो."

"तीन का नाही?"

"दहा बसत नाहीत."

मॅडमनी पट्टी खाली ठेवून पेन घेतलं. उभ्या ए-फोरवर आडवी कार्डं, एका ओळीत दोन, अशा पाच ओळी. प्रत्येक कार्डाला वर-खाली तीन-तीन मिलिमीटर दिले तर एका ओळीची उंची साठ. पाच ओळी म्हणजे तीनशे मिलिमीटर. कागदाची लांबी २९७. तीन मिलिमीटरने नापास. दोन-दोन दिले तर अठ्ठावन्न पंचे दोनशे नव्वद, आणि वर-खाली मिळून सात उरतात, जे प्रिंटरच्या न छापणाऱ्या कडेला लागतातच. दादांचं गणित बरोबर होतं. तीन दिले तर कार्डं आठ बसणार आणि शीटचा खर्च दहांऐवजी आठांत वाटायचा.

मॅडमना मात्र राहवेना. त्यांनी पान आडवं केलं. ब्लीडसकट कार्ड ९२ बाय ६०. आडव्या पानात ब्याण्णव त्रिक दोनशे शहात्तर, आणि दोनशे दहात साठ त्रिक एकशे ऐंशी. "नऊ बसतात," त्या म्हणाल्या.

दादा बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिले. एवढ्या वर्षांत त्यांना कोणी पान आडवं करून दाखवलं नव्हतं. मग म्हणाले, "मॅडम, दहाची सेटिंग केलेली फाइल आहे. नऊची करायची म्हणजे..." आणि ते थांबले. 'म्हणजे'च्या पुढे काय, ते सगळ्या शाळांना माहीत असतं. दोन मिलिमीटरवर तडजोड झाली. दोनही चालतात, कारण चूक दीडच्या आतली असते. अर्धा मिलिमीटर परमेश्वरावर.

पण मग अण्णांनी सोनेरी किनारीचा विषय काढला. त्यांना कार्डाला चारी बाजूंनी किनार हवी होती, कडेपासून एक मिलिमीटरवर, बारीक, शालीला असते तशी. किनारीविरुद्ध बोलणं अवघड होतं, कारण ती संगणकावर फार देखणी दिसत होती. शेवटी दादांनीच जुन्या कार्डांचा गठ्ठा काढून पत्त्यांसारखा पसरला. प्रत्येकावर किनार होती. एकावर डावीकडे जवळजवळ दोन मिलिमीटर आणि उजवीकडे नुसती शंका. एकावर वरची किनार गायब, खालची दुप्पट दूर. कोपरे गोल कापले जातात आणि किनारीचे कोपरे चौकोनी होते, म्हणून चारी कोपऱ्यांत किनार तुटलेली. किनार काढून कडेपर्यंत एकसारखा रंग ठेवला तर हीच चूक तेवढीच होते, पण ती दिसायला समोर काही नसतं. हे अण्णांना पटलं. दिसत नसलेली चूक ही चूक नव्हे, हे तत्त्व संस्थेच्या हिशेबात त्यांनी पूर्वीच मान्य केलं होतं.

वरच्या भागाचंही असंच. लेस अडकवायला वर मध्यभागी भोक पाडतात, सुमारे चौदा मिलिमीटर लांब, तीन उंच. ते अगदी कडेला पाडलं तर मुलं ओढून फाडतात, म्हणून तीन-चार मिलिमीटर खाली पाडावं लागतं. म्हणजे मध्यावरचे वरचे आठ-नऊ मिलिमीटर भोकाचे. 'क्लासिक'मध्ये नेमकं तिथे संस्थेचं नाव होतं. संस्थेचं नाव मोठं, भोक लहान, त्यामुळे नावाच्या मधोमध लेसचा हूक बसून दोन वेगवेगळ्या संस्था तयार झाल्या होत्या.

मग आम्ही तिन्ही नमुने बाजूला सारून कोऱ्या कागदावर ८६ बाय ५४ चा उभा चौकोन आखला. वरचे नऊ मिलिमीटर भोकाला, तिथे नुसता रंग. त्याखाली दहा मिलिमीटरांत शाळेचं नाव, दोन ओळींत, पांढऱ्यावर गडद निळं. मग फोटो, पंचवीस बाय बत्तीस. हे प्रमाण पासपोर्ट फोटोचंच असल्यामुळे त्याला दाबावं किंवा कापावं लागत नाही, आणि 'क्लासिक'च्या फोटोपेक्षा तो साठ टक्के मोठा होतो. वेली गेल्या. खाली मुलाचं नुसतं नाव, सोळा पॉइंटमध्ये. शेचाळीस मिलिमीटर रुंदीत सोळा पॉइंटची साधारण तेरा अक्षरं मावतात, आणि आमच्या शाळेतलं सगळ्यांत लांब नावसुद्धा त्यात आरामात बसलं. त्याखाली वडिलांचं नाव आणि आडनाव अकरा पॉइंटमध्ये. मग इयत्ता, तुकडी, हजेरी क्रमांक.

नाव-आडनाव अशा क्रमाला क्लार्कभाऊंनी हरकत घेतली. जनरल रजिस्टरला आडनाव आधी असतं. मी म्हटलं, भाऊ, रजिस्टरला मूल हरवत नाही. जत्रेत सापडलेल्या पहिलीतल्या मुलीला पोलीस काय "पाटील" म्हणून हाक मारणार? भाऊ म्हणाले, ऑडिटमध्ये विचारलं तर? तीन वेगवेगळ्या वर्षांची कार्डं काढून आम्ही बघितलं, ऑडिटरने कधी कुणा मुलाच्या गळ्याला हात घातल्याची नोंद नव्हती. हरकत मागे पडली.

पालकांचे दोन मोबाईल नंबर मागच्या बाजूला घेतले, चौदा पॉइंटमध्ये, पाच-पाच आकड्यांच्या दोन गटांत, वर एकच ओळ : 'हे मूल एकटे आढळल्यास कृपया फोन करा'. घरचा पत्ता काढून टाकला. गळ्यात नाव पुढे आणि पत्ता मागे लटकवून मुलीने एसटी स्टँडवर उभं राहायचं, हे मॅडमना पसंत नव्हतं, आणि फोन नंबर असताना त्याची गरजही नव्हती. मुख्याध्यापकांची सही मागे, खालच्या उजव्या कोपऱ्यात.

दादांना एकच अट घातली : पहिली शीट साध्या कागदावर, शंभर टक्के मापात छापून, कात्रीने कापून आणायची. हे 'शंभर टक्के' दोनदा सांगावं लागतं, कारण छपाईच्या वेळी संगणक 'पानात बसवू का' असं विचारतो आणि माणूस हो म्हणतो. मग सगळं तीन-चार टक्क्यांनी आक्रसतं आणि ८६चे ८३ होतात. दादांनी आणलेल्या कागदी कार्डावर मॅडमनी पट्टी ठेवली. ८३. दादा निमूटपणे परत गेले आणि तासाभराने ८६ घेऊन आले. मामांनी ते हात लांब करून वाचलं. नाव वाचलं, तुकडी वाचली, वर "हिला नाकात बोलायची सवय आहे" अशी जादा माहितीही दिली.

राहता राहिले संस्थापक. त्यांना पुढच्या बाजूने काढलं म्हटल्यावर अण्णांचा चेहरा उतरला होता. चित्रकलेच्या सरांनी मार्ग काढला : मागच्या बाजूला वरच्या अर्ध्यात संस्थापकांचा मोठा फोटो, खाली फोन नंबर. अण्णा तयार झाले, पण नाराजीनेच. मागे कोण बघतं, म्हणाले.

कार्डं आली, वाटली. आता एका हुकाला लटकवलेलं कार्ड कधी सरळ राहत नाही. मूल दोन पावलं चाललं की ते गिरकी घेतं, आणि अर्धा वेळ मागची बाजूच लोकांकडे असते. दोन हुकांची लेस घेतली असती तर हे झालं नसतं, पण ती महाग पडते म्हणून अण्णांनीच ती नाकारली होती. पहिल्याच सोमवारी प्रार्थनेला अण्णा व्यासपीठावर उभे राहिले, तर समोर रांगेत निम्म्या मुलांच्या छातीवर संस्थापक. त्यांनी मला जवळ बोलावून हळूच विचारलं, "पुढच्या वर्षी हेच डिझाइन ठेवायचं ना, सर?" गेटवर मामा तेवढे आता प्रत्येक मुलाला "पलटी मार" म्हणतात.